दोन माणसे वाढली, म्हणून दोनच भाकऱ्या?

प्रश्न : सर, सादर नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातील एका शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. गुणोत्तर-प्रमाणाच्या पाठावर माझ्या वर्गाला चांगले गुण पडले. त्यानंतर मी सहज विचारले, की ४ जणांना १० भाकऱ्या लागतात, तर ६ जणांना किती? अर्ध्याहून अधिक मुलांनी १२ सांगितले. एकमान पद्धत पुन्हा शिकवली की तेवढ्यापुरते १५ येते आणि आठवड्याने पुन्हा १२. आता आणखी उदाहरणे सोडवून घ्यावीत, की तिरकस गुणाकार पाठ करून घ्यावा?
– एक शिक्षिका

उत्तर : बाई, दोन्ही करू नका, निदान आत्ताच नको. ज्या मुलाने १२ सांगितले त्याला गुणाकार-भागाकार येतच असतो. या ठिकाणी गुणाकार करायचा आहे हेच त्याला वाटलेले नसते. माणसे दोनने वाढली, म्हणून भाकऱ्या दोनने वाढल्या, असा त्याचा विचार आहे आणि तो त्याच्या दृष्टीने पूर्ण आहे. तिरकस गुणाकार पाठ झाला तर तो विचार तसाच खाली राहील आणि वरून फक्त एक कृती बसेल. प्रश्नाचे रूप जरा बदलले की कृती आठवणार नाही आणि खालचा विचार पुन्हा वर येईल. तुम्हाला आठवड्याने जे दिसते ते हेच आहे.

ही चूक आपल्याकडचीच आहे असे समजू नका. अमेरिकेत रॉबर्ट कार्प्लस यांनी १९७० च्या सुमारास मुलांना एक साधा प्रश्न विचारला. बुटक्या माणसाच्या चित्राची उंची ४ बटणे आणि उंच माणसाच्या चित्राची ६ बटणे भरते. बुटक्याची उंची कागदाच्या क्लिपांनी मोजली तर ६ क्लिपा भरतात, मग उंच माणसाची किती? उत्तर ९ आहे, पण पुष्कळ मुलांनी ८ सांगितले आणि कारणही दिले, की फरक दोनचा आहे. मुलांच्या चुकांचा अभ्यास करणारे याला बेरजी विचार म्हणतात. आपण करायचे ते एवढेच, की हा विचार उघडा पडेल असा पाठ रचायचा, आणि तो चुकीचा आहे हे शिक्षकाने न सांगता मुलांच्या हातातल्या वस्तूने सांगायचे.

तुमच्या परीक्षेत चूक का दिसली नाही, हे आधी पाहू. पाठातील बहुतेक उदाहरणांत ४ चे ८ होतात किंवा ५ चे १५, म्हणजे दुप्पट-तिप्पट सरळ डोळ्यांना दिसते. तेथे बेरजी विचार करणारे मूलही दुप्पट करते, कारण दुप्पट करणे हा त्याचा लहानपणापासूनचा सराव असतो. दुसरी पळवाट म्हणजे माणशी पूर्ण संख्या येणे. ४ जणांना ८ मिरच्या म्हटले की ‘माणशी दोन’ हे लगेच सुचते आणि ६ जणांना १२ असे बरोबर उत्तर येते. तुमच्या भाकरीच्या प्रश्नात मात्र ४ चे ६ होणे म्हणजे दीडपट आणि माणशी भाकऱ्या अडीच, दोन्ही बाजूंनी अपूर्णांक, म्हणून मुलांची कसोटी तेथे लागली. नकळत का होईना, तुम्ही अचूक संख्या निवडल्या होत्या. एक संख्या मात्र कटाक्षाने टाळा, ती म्हणजे माणसांइतकीच असलेली. ४ जणांना ४ कांदे लागत असतील तर ६ जणांना ६, हे उत्तर दोन मिळवूनही येते आणि दीडपट करूनही येते; त्या प्रश्नाने तुम्हाला काहीच कळत नाही.

आता पाठ. यासाठी दोन तासिका ठेवा, एक भरताची आणि एक नकाशाची, आणि त्यांचा क्रम बदलू नका. तो का, ते पुढे येईल.

पहिल्या तासाला प्रत्येक मुलाला अर्धा कागद द्या आणि फळ्यावर ४ जणांच्या भरीत-भाकरीची यादी लिहा : भरताची वांगी १ किलो, हिरव्या मिरच्या ८, तेल ३ मोठे चमचे, मीठ १ लहान चमचा, कळण्याच्या भाकऱ्या १०. (प्रत्येकाच्या घरचे प्रमाण वेगळे असणार आणि आपल्या भागात मिरच्यांच्या संख्येवरून वाद होणारच, तो दोन मिनिटांत आटोपता घ्या आणि आजच्यापुरते हे प्रमाण पक्के, असे सांगा.) मग विचारा, की हीच चव हवी आणि प्रत्येकाचे पोट तसेच भरायला हवे, तर ६ जणांसाठी काय काय लागेल? ‘हीच चव’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, ते गाळू नका. गुणोत्तर, प्रमाण, एकमान यांपैकी एकही शब्द तुमच्या तोंडून येता कामा नये, कारण तो ऐकला की मुले विचार सोडून कृती आठवू लागतात. कागद शांतपणे भरून घ्या, गोळा करा आणि चाळा.

त्या कागदांवर तुम्हाला बहुधा तीन प्रकार दिसतील. काहींचे सगळे दीडपट असेल. काहींनी सरसकट दोन मिळवले असतील : वांगी ३ किलो, मिरच्या १०, तेल ५ चमचे, मीठ ३ चमचे, भाकऱ्या १२. तिसरा प्रकार सर्वांत मोलाचा आहे. त्यात मिरच्या १२ असतात, कारण माणशी दोन हे दिसले, आणि भाकऱ्याही १२ असतात, कारण माणशी अडीच हे दिसले नाही. म्हणजे एकाच कागदावर, एकाच मुलाने, दोन वेगळ्या रीतींनी विचार केलेला असतो. मिरच्यांची ओळ सोपी ठेवली आहे ती मुद्दाम, हे मूल सापडावे म्हणून. पुढच्या चर्चेत त्याला बोलते करा, कारण योग्य विचार त्याच्याकडे आधीच आहे, फक्त तो सोप्या संख्यांपुरता आहे.

चर्चेला भाकरीपासून सुरुवात करा. फळ्यावर १२ आणि १५ ही दोन्ही उत्तरे लिहा, आणि कोणते बरोबर हे चेहऱ्यावरूनही कळू देऊ नका. १२ म्हणणाऱ्याला कारण विचारा. त्याला अहिराणीत सांगणे सोपे जात असेल तर अहिराणीतच सांगू द्या. मग सहा मुलांची पंगत बसवा आणि कागदाच्या १२ भाकऱ्या वाढायला सांगा. पहिल्या चौघांना त्यांच्या १० भाकऱ्या दिल्या, की उरलेल्या दोघांपुढे एकेकच भाकरी येते. पहिल्या चौघांना माणशी अडीच आणि पाहुण्यांना एक, ही गोष्ट आपल्याकडचे कोणतेही मूल मान्य करणार नाही. येथे बरीच मुले स्वतःहून म्हणतात, की दोन माणसे आली तर दोघांच्या वाट्याच्या भाकऱ्या यायला हव्यात, म्हणजे ५. हीसुद्धा बेरीजच आहे, पण योग्य बेरीज आहे : माणसांत २ मिळवले तर भाकऱ्यांत त्या दोघांच्या ५ मिळवल्या. या मुलांना ‘बेरीज चुकीची’ असे चुकूनही सांगू नका. जोडीने वाढवणे आणि दोन्हीकडे तोच आकडा मिळवणे यांतला फरक त्यांनीच पकडला पाहिजे.

यानंतर वांग्यांवर या, कारण या पाठातली सर्वांत धारदार ओळ तीच आहे. ज्यांनी १ किलोचे ३ किलो केले त्यांना विचारा, की यादीत १ किलोऐवजी १००० ग्रॅम लिहिले असते तर ६ जणांसाठी किती लिहिले असते? त्यांच्याच रीतीने उत्तर १००२ ग्रॅम येते. वांगी तीच, टोपली तीच, माणसे तीच, आणि एकक बदलले म्हणून एकदा दोन किलो वांगी वाढली आणि एकदा दोन ग्रॅम वाढली. हे फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि थांबा. समजावून सांगण्याचा मोह येथे सर्वांत जास्त होतो, तो आवरा. मुलांनी हे स्वतः म्हटले पाहिजे, की वांग्यांना किलो-ग्रॅम कळत नाही, मग उत्तर बदलले कसे? दीडपट करणाऱ्याचे उत्तर मात्र किलोत दीड आणि ग्रॅममध्ये १५००, म्हणजे दोन्हींत तेवढेच राहते. जी रीत एकक बदलल्याबरोबर वेगळे भरीत करते ती रीत भरताची नाही, हे सातवीच्या मुलाला नक्की कळते.

वेळ उरला तर तीच यादी ३ जणांसाठी करायला सांगा. २ जणांसाठी सांगू नका, कारण निम्मे सगळ्यांनाच येते. एक माणूस कमी झाला म्हणून प्रत्येक ओळीतून १ वजा करणाऱ्याचे मीठ शून्य चमचे होते आणि वांगी शून्य किलो, म्हणजे भाकऱ्या ९ आणि भरीत वांग्याविना आणि अळणी. वर्ग हसतो आणि हसू द्यावे. वाढवताना बेरजी विचार पुष्कळदा खपून जातो, पण कमी करताना तो शून्याला जाऊन आदळतो. म्हणून एक तरी प्रश्न कमी करण्याचा ठेवावाच.

आता क्रमाविषयी. पाककृतीने मुलाच्या मनात शंका येते, पण ती तेथेच पक्की होत नाही, कारण स्वयंपाक चुकांना माफ करतो. चतुर मूल म्हणेल, की ३ चमचे मीठ जास्त होईल हे खरे, पण आई मीठ अंदाजानेच घालते; भाकऱ्या कमी पडल्या तर आणखी दोन थापता येतील; पाहुणे कमी खातात. ही उत्तरे खोटी नाहीत, आणि म्हणूनच ती गणितातून सुटून जायला वाट करून देतात. नकाशात अशी वाट नसते; तुकडा एक तर जुळतो, नाही तर जुळत नाही. तेव्हा पहिल्या दिवशी भरीत आणि दुसऱ्या दिवशी नकाशा.

नकाशासाठी आपला धुळे-जळगाव महामार्ग फार सोयीचा आहे. पूर्वीचा ६ क्रमांकाचा आणि आताचा ५३ क्रमांकाचा हा राष्ट्रीय महामार्ग धुळ्याहून पारोळा आणि एरंडोल करत जळगावला जातो आणि वर्गाच्या कामापुरता तो एका सरळ रेषेत आहे असे मानता येते. १ सेंटिमीटरला ६ किलोमीटर असे प्रमाण धरले तर कागदाच्या पट्टीवर धुळे ते पारोळा ६ सेंटिमीटर, पारोळा ते एरंडोल ४, एरंडोल ते जळगाव ४, अशी एकूण १४ सेंटिमीटर लांबी होते. ही अंतरे सरळ रेषेतली आणि ढोबळ केलेली आहेत, एस.टी.च्या तिकिटावरचे किलोमीटर याहून थोडे जास्त भरतील, हे मुलांना आधीच सांगून टाका, नाही तर एखादा कंडक्टरचा मुलगा तास तेथेच अडवेल.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूच्या दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या करा. मूळ नकाशाची १४ सेंटिमीटरची पट्टी भिंतीवर लावा आणि सांगा, की हाच नकाशा मोठा करायचा आहे, इतका की जे अंतर येथे ४ सेंटिमीटर आहे ते नव्या नकाशात ६ सेंटिमीटर होईल. पारोळा-एरंडोल आणि एरंडोल-जळगाव हे दोन तुकडे ४ सेंटिमीटरचेच असल्यामुळे त्यांच्या ६ सेंटिमीटरच्या पट्ट्या तुम्हीच कापून ठेवा. एका गटाला धुळे-पारोळा, दुसऱ्याला धुळे-एरंडोल आणि तिसऱ्याला संपूर्ण धुळे-जळगाव अशी पट्टी करायला द्या. वर्ग मोठा असेल तर प्रत्येक अंतरासाठी दोन गट करा. गटांनी एकमेकांशी बोलायचे नाही, हा एकच नियम कडक ठेवा. ‘दीडपट’ हा शब्द तुम्ही उच्चारायचा नाही. ४ चे ६, एवढेच.

ही कल्पना फ्रान्समधले गी ब्रूसो यांच्या एका गाजलेल्या कोड्यावरून घेतली आहे. त्यांनी मुलांना आकृतीचे तुकडे वाटून दिले आणि ४ सेंटिमीटरची बाजू ७ सेंटिमीटर होईल असे ते मोठे करायला सांगितले. मुलांनी प्रत्येक बाजूत ३ मिळवले आणि तुकडे जुळेनात. आपण आकृतीऐवजी रस्ता घेतो, इतकाच फरक.

गटांनी सरसकट २ मिळवले असतील तर पहिला गट ८ सेंटिमीटरची पट्टी आणेल, दुसरा १२ ची आणि तिसरा १६ ची. आता भिंतीवर लावायला घ्या. पहिल्या गटाची ८ ची पट्टी लावा आणि तिच्यापुढे तुमच्या ६-६ च्या दोन लावा; जळगाव २० सेंटिमीटरवर येते. त्याच्या बरोबर खाली तिसऱ्या गटाची पट्टी लावा. तेथे जळगाव १६ वरच संपते. एरंडोलही दोन ठिकाणी येते, एकदा १४ वर आणि दुसऱ्या गटाच्या पट्टीवर १२ वर. जळगावच्या दोन ठिकाणांमध्ये चार सेंटिमीटरची फट असते आणि ती शेवटच्या बाकावरूनही दिसते.

यावर मुलांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली आहे : कापण्यात चूक झाली. प्रत्येक गट दुसऱ्या गटाच्या पट्टीकडे संशयाने पाहतो. त्यांना मोजपट्टी द्या आणि पुन्हा कापू द्या. पट्ट्या बरोबर कापल्या आहेत हे सिद्ध होईपर्यंत रीतीवर शंका घ्यायला कोणी तयार होत नाही, आणि ते योग्यच आहे.

दुसरी प्रतिक्रिया अधिक हुशारीची असते आणि तिच्यासाठी तुम्ही तयारीत असले पाहिजे. कोणीतरी म्हणेल, की धुळे-जळगावमध्ये तीन तुकडे आहेत, म्हणून तेथे एकदा नव्हे तर तीनदा २ मिळवायला हवेत. १४ आणि ६ मिळून २०, आणि एरंडोलपर्यंत दोन तुकडे म्हणून १४. आता सगळ्या पट्ट्या जुळतात! वर्ग टाळ्या वाजवेल आणि पाठ हातातून निसटेल. अशा वेळी काही न बोलता धुळे आणि पारोळा यांच्यामध्ये फागणे मांडा. ते याच रस्त्यावर आहे आणि आपल्या मूळ पट्टीवर धुळ्यापासून २ सेंटिमीटरवर दाखवता येते. त्यांच्याच नियमाने आता धुळे-फागणे २ चे ४ होते, फागणे-पारोळा ४ चे ६ होते, म्हणजे धुळे-पारोळा ८ न राहता १० सेंटिमीटर होते. रस्त्यावर केवळ एक गाव दाखवले म्हणून पारोळा दोन सेंटिमीटरने पुढे सरकले. मुकटी दाखवले तर आणखी सरकेल. प्रत्येक नव्या गावाने रस्ता लांबतो हे लक्षात आल्यावर हा नियम मुले स्वतःच टाकून देतात.

याच टप्प्यावर बरोबर वाट सापडते, आणि ती सहसा शांत बसणारे एखादे मूल दाखवते. ४ सेंटिमीटरमध्ये २ वाढले, तर ते २ कोठे वाढले? एका टोकाला चिकटलेले नाहीत, सगळ्या लांबीत वाटले गेले आहेत, म्हणजे प्रत्येक सेंटिमीटरला अर्धा सेंटिमीटर मिळाला. मग ६ सेंटिमीटरला ३ मिळतील, १० ला ५ आणि १४ ला ७. नवीन पट्ट्या ९, १५ आणि २१ च्या होतात. ९ च्या पुढे ६ लावले की १५, आणखी ६ लावले की २१. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, सगळी गावे एकाखाली एक येतात. फागणे घातले तरी ते ३ वर बसते आणि पारोळा ९ वरून हलत नाही. १ सेंटिमीटरचा दीड सेंटिमीटर हा एकमान मुलाने स्वतः काढलेला असतो. तुमची एकमान पद्धत आता या ठिकाणी आणा, आणि १ भाकरीची किंवा १ माणसाची गोष्ट जशी लिहिता तशीच १ सेंटिमीटरची लिहून घ्या.

नकाशाचे प्रमाण शेवटी लिहायला सांगा. बरोबर नकाशात ३६ किलोमीटरसाठी ९ सेंटिमीटर, ८४ किलोमीटरसाठी २१, म्हणजे सगळीकडे १ सेंटिमीटरला ४ किलोमीटर, आणि नकाशाखाली १ : ४,००,००० असे लिहिता येते. पहिल्या फेरीतल्या पट्ट्यांवर हेच करू द्या. तेथे धुळे-पारोळ्याला १ सेंटिमीटर म्हणजे साडेचार किलोमीटर पडते, पारोळा-एरंडोलला ४ आणि पूर्ण रस्त्याला सव्वापाच. एकाच नकाशाखाली कोणते प्रमाण छापायचे, हा प्रश्न मुलांवर सोडा. भूगोलाच्या तासाला जी रेघ ते न बघता उतरवतात, तिचा अर्थ येथे कळतो.

एक तांत्रिक सावधगिरी. नकाशा म्हटल्यावर धुळे-पारोळा-अमळनेर असा त्रिकोण घेण्याचा मोह तुम्हाला होईल, कारण अमळनेर तुमचेच आहे. तो घेऊ नका. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंत दोन-दोन सेंटिमीटर मिळवले तरी त्रिकोण बंद होतो. आकार थोडा बिघडतो, पण तो कोनमापकाशिवाय दिसत नाही, आणि बेरजी विचार करणारे मूल विजयी मुद्रेने जागेवर जाऊन बसते. फट दिसायची असेल तर एका रेषेतली गावे हवीत, जेथे तुकड्यांची बेरीज पूर्ण लांबीइतकी व्हावीच लागते.

हे दोन तास झाले, की पुढचा धोका उलट्या बाजूचा आहे. मुले आता सगळीकडे दीडपट करू लागतील. म्हणून पुढच्या आठवड्यात गुणोत्तराच्या उदाहरणांत दोन-तीन वेगळे प्रश्न न सांगता मिसळा. धाकटी बहीण ४ वर्षांची आणि थोरली ६ वर्षांची आहे. धाकटी १० वर्षांची होईल तेव्हा थोरली किती? येथे १२ बरोबर आणि १५ चूक. भाकरीच्या प्रश्नातल्याच संख्या मुद्दाम घेतल्या आहेत, म्हणजे संख्या पाहून रीत ठरवता येणार नाही. वाढ वाटली जाते, की फरक तसाच राहतो, हे प्रसंग पाहूनच ठरवावे लागेल. दुसरा प्रश्न भरताचाच विचारा : तुराट्यांच्या जाळावर २ वांगी एकदम टाकली तर २० मिनिटांत भाजतात, जाळ पुरेसा मोठा केला आणि ३ टाकली तर किती वेळ? येथे ना बेरीज, ना गुणाकार. ३० म्हणणाऱ्या मुलांवर रागावू नका. मागच्या आठवड्यात आपणच त्यांना त्या दिशेने ढकलले आहे. फक्त विचारा, की तिसरे वांगे पहिल्या दोघांची वाट पाहत बसते का?

तिरकस गुणाकाराविषयी तुम्ही विचारले होते. तो शिकवा, पण वर्गाने पट्ट्या जुळवल्यानंतर, आणि मोठ्या संख्यांसाठी. ४ ला १० तर ६ ला किती, यासाठी तो वापरणाऱ्या मुलाला मी थांबवतो आणि कागदाविना सांगायला लावतो.

तपासणीसाठी दोन आठवड्यांनी एकच प्रश्न द्या, आणि त्यात भाकरी, भरीत किंवा महामार्ग यांपैकी काहीही नको. केळीच्या घडाचा फोटो ६ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच आहे. तो ९ सेंटिमीटर रुंद केला तर उंची किती? १५ लिहिणाऱ्याला ‘कसे काढलेस’ असे विचारा आणि १३ लिहिणाऱ्यालाही विचारा. १३ वाल्यांची संख्या अजून मोठी असेल तर नव्या उदाहरणांचा मारा न करता त्यांना तोच फोटो दोन तुकड्यांत कापून द्या, ४ सेंटिमीटर आणि ६ सेंटिमीटर उंचीचे, आणि दोन्ही तुकडे वेगवेगळे मोठे करून एकावर एक लावायला सांगा. त्यांच्या रीतीने ते ७ आणि ९ होतील, एकूण १६, आणि अखंड फोटो मात्र १३ चा असेल.